कुणाची आई पडली?

मावशीला ही नोकरी हवी होती, आणि आता मध्ये फक्त एकच माणूस उभा होता.

मावशी म्हणजे खरं तर तिच्या भाचीची मावशी. पण भाचीची हाक घरात इतकी घुमायची की शेजारीपाजारीही तेच म्हणायला लागले, आणि नवराही चेष्टेत तेच म्हणायचा, तेव्हा आपणही मावशीच म्हणू. वय पन्नाशीला टेकलेलं. सगळी नोकरी घडीच्या शिड्या बनवणाऱ्या एका कारखान्यात, क्वालिटी विभागात. शिडीवर वजनं चढवायची, बिजागऱ्या वाकवून बघायच्या, सगळं ठीक असलं तर सही करायची, आणि मग गाडी गेटबाहेर. पुढे मालकांच्या मुलांनी कारखाना विकला आणि मावशी घरी बसली. घरी बसली म्हणजे काय, घरातलं एकही स्टूल तिने धड राहू दिलं नाही. प्रत्येकाला हलवून बघायची. शेवटी नवरा म्हणाला, "अगं, तुला नोकरी लागू दे बाई, नाहीतर या घरात बसायला जागा उरायची नाही."

नोकरी लागत नव्हती असंही नाही. लागता लागता राहत होती. दोनदा ती पार शेवटच्या फेरीपर्यंत पोचली होती, कंपनीच्या प्रमुखासमोर, आणि दोन्ही वेळा तिथूनच परत आली होती. दोन्हीकडून निरोप सारखाच. सगळं उत्तम आहे, अनुभव दांडगा आहे, पण तुम्ही आमच्यात रुळाल असं वाटत नाही.

"रुळाल म्हणजे काय?" मावशी चिडून म्हणाली होती. "मी काय नवी सून आहे?"

आता ही तिसरी वेळ. ही कंपनी म्हाताऱ्या माणसांसाठी वस्तू बनवायची. वॉकर, काठ्या, भिंतीला लावायचे दांडे, आणि सगळ्यात जास्त खपणारी बाथरूममधली खुर्ची. क्वालिटी विभागाचं प्रमुखपद रिकामं होतं. मावशीच्या चार फेऱ्या झाल्या होत्या. आधी एचआरच्या मुलीशी फोनवर. मग कारखान्याच्या मॅनेजरशी. मग अख्खा दिवस कारखान्यात, एक मोडलेला वॉकर समोर ठेवून, सांगा कशाने मोडला. ती फेरी मावशीने चुटकीसरशी मारली. चौथ्या फेरीत चार विभागांचे प्रमुख एका टेबलामागे बसले होते, तेही हसतच उठले.

मग एचआरच्या मुलीचा फोन आला. "आता फक्त सर. ते तांत्रिक काही विचारणार नाहीत. व्हिजन, आपली मूल्यं, आणि तुम्ही आमच्या कल्चरला किती फिट आहात, एवढंच. गप्पाच समजा."

गप्पाच समजा असं कुणी म्हटलं की माणसाने सावध व्हावं. मावशी सावध झाली, आणि आधीच्या फेऱ्यांसारखंच याही वेळी तिने भाचीला बोलावून घेतलं.

भाची दुसऱ्या एका कंपनीत माणसं निवडायचंच काम करायची. बोलायला फटाकडी, पण जीव लावणारी पोरगी. ती लॅपटॉप घेऊन आली आणि जेवणाच्या टेबलावर तिने मावशीचा क्लास सुरू केला.

"हे बघ मावशी, तुला काम येतं का हे त्यांचं बघून झालंय. मालकाला फक्त एवढंच बघायचंय, की उद्या ही बाई माझ्या नावाने सही करेल तेव्हा मला झोप लागेल का. ते विचारतील, आमच्याकडेच का? पाच वर्षांनी हा विभाग कसा दिसायला हवा? एखाद्या मूल्यासाठी किंमत मोजावी लागली असा प्रसंग सांगा. साहेबांशी पटलं नाही तेव्हा काय केलंत? आणि शेवटी हमखास विचारतील, तुम्हाला काही विचारायचंय का. तिथे 'नाही' म्हणालीस तर संपलंच."

"मग काय विचारू?"

"येत्या तीन वर्षांत कंपनी कुठे पोचलेली बघायला आवडेल, असं विचार. सगळ्या मालकांना आवडतं. स्वतःबद्दल बोलायला मिळतं ना."

गृहपाठ म्हणून भाचीने मालकांची सगळी भाषणं काढून दिली. मावशी मुळातली चौकस. तिने एकेक भाषण असं ऐकलं जणू वजन चढवून बघतेय. मालक चांगलं बोलायचे, उगाच आव नव्हता. प्रत्येक भाषणात कंपनी कशी सुरू झाली ती गोष्ट यायची. आई बाथरूममध्ये पडली, कमरेचं हाड मोडलं, अंघोळीला घाबरायला लागली, आणि मुलाने घराच्या मागच्या खोलीत पाईप कापून पहिली खुर्ची बनवली. ऐकताना मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग तिला एक फार जुनं भाषण सापडलं. कुठल्याशा कॉलेजातलं, आवाज खरखरीत, चित्र अंधुक. मंचावर दोघं होती. हेच मालक, केस काळे, आणि शेजारी त्यांच्याच वयाची एक बाई. गोष्ट ती बाई सांगत होती. "माझी आई बाथरूममध्ये पडली," ती म्हणाली, आणि हे गृहस्थ शेजारी मान हलवत होते.

मावशीने ते पुन्हा लावलं. मग मधल्या वर्षांतलं एक लावलं. त्यात बाई नव्हती, मालक एकटेच, आणि ते म्हणत होते, "आमच्या घरातली आई पडली." त्याच्या पुढच्यात नुसतं "आई पडली." आणि त्याच्यापुढच्या प्रत्येकात "माझी आई."

"अहो, इकडे या," तिने नवऱ्याला हाक मारली. नवरा चष्म्याच्या दुकानात काम करायचा, बारीक बघायची सवय त्यालाही होती. त्याने सगळं बघितलं आणि म्हणाला, "मग?"

"मग काय मग? आई कुणाची पडली?"

"कुणाची का पडेना! तुला नोकरी हवीय की त्यांची वंशावळ?"

भाचीने तर हातच जोडले. "मावशी, तुझ्या पाया पडते. हा विषय तिथे काढायचा नाही. अजिबात नाही. बऱ्याच कंपन्यांत एखादा भागीदार सुरुवातीला असतो आणि मग नसतो. आपण त्यात बोट घालायचं नसतं. चल, तुझा तो गाडीचा प्रसंग म्हण बघू एकदा."

गाडीचा प्रसंग म्हणजे मावशीचा हुकमी एक्का. मूल्यांचा प्रश्न आला की हाच टाकायचा, आणि चारही फेऱ्यांत तिने तोच टाकला होता. शिड्यांच्या कारखान्यात एकदा रिव्हेटचा, म्हणजे बिजागऱ्या जोडायच्या खिळ्यांचा, एक लॉट कच्चा निघाला होता. माल भरलेला, ऑर्डर मोठी, गाडी निघायच्या बेतात, मोठे साहेब घाईला आलेले. आणि मावशीने गाडी थांबवली.

मावशी खुर्चीत ताठ बसली, घसा साफ केला आणि सांगायला लागली. प्रसंग काय, आपण काय केलं, त्यातून काय निघालं, अगदी भाचीने शिकवलं तसं. "ड्रायव्हरने गाडी सुरू केली होती. मी सरळ जाऊन गाडीसमोर उभी राहिले. म्हटलं, आधी माझ्या अंगावरून न्या."

"वा!" भाची म्हणाली. "अंगावर काटा आला."

आतल्या खोलीतून नवऱ्याचा आवाज आला. "गाडीसमोर कधी उभी राहिलीस तू?"

"म्हणजे काय?"

नवरा दारात आला. हातात चष्मा पुसायचं फडकं होतं. "म्हणजे असं, की त्या एचआरच्या पोरीला फोनवर सांगत होतीस तेव्हा मी इथेच होतो. तेव्हा गेटवर फोन कुणीतरी दुसऱ्याने केला होता. तुझ्या त्या मैत्रिणीने, तोफेने. मॅनेजरच्या फेरीआधी तालीम केलीस तेव्हा फोन तू केलास. आणि आज तू गाडीखाली निघालीस. अजून एक फेरी असती तर तुझा फोटोच भिंतीवर लावावा लागला असता!"

भाची हसली. मावशी मात्र हसली नाही. तिने आठवून बघितलं. चौथ्या फेरीत, त्या चार प्रमुखांसमोर, तिने गाडीसमोर उभं राहिल्याचंच सांगितलं होतं. आणि सांगताना तिला ती गाडी दिसली होती, तिचे दिवेसुद्धा दिसले होते. खोटं बोलतोय असं क्षणभरही वाटलं नव्हतं. दर खेपेला भाची म्हणायची, "आम्ही केलं, सगळ्यांनी केलं, असं नको, तू काय केलंस ते सांग," आणि दर खेपेला मावशी थोडी पुढे सरकत सरकत पार गाडीसमोर जाऊन पोचली होती.

"मग नक्की झालं काय होतं?" नवऱ्याने विचारलं.

आणि खरं सांगायचं तर मावशीला ते आठवेना. तिला भीती वाटली, पण भीतीपेक्षाही जास्त नवल वाटलं. आपल्याच गोष्टीत आपण कुठे उभे होतो हे आपल्याला ठाऊक नसावं?

तिने तोफेला फोन लावला. तोफ म्हणजे तिची जुनी मैत्रीण, शिड्यांच्या कारखान्यात डिस्पॅच सांभाळायची. आवाज असा की गोदामाच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाचा माणूस दचकायचा. सध्या दुसरीकडे तेच काम करत होती.

"काय गं, मेलीस का जिवंत आहेस?" तोफ कडाडली.

मावशीने विचारलं. ती रिव्हेटची भानगड आठवतेय का? गाडी कुणी थांबवली?

"कुठली गाडी? दुसरी?"

"दुसरी म्हणजे?"

"अगं बाई, पहिली गेली होती ना सकाळीच!" तोफ म्हणाली. "तुझ्या सहीने. विसरलीस? सकाळचं सॅम्पल तू पास केलंस, ते चांगलंच होतं. पण मध्येच रिव्हेटचा नवा लॉट लागला, आणि पहिल्या गाडीत त्याचा माल गेला. कुणाला कळलं नाही. दुपारी तुझ्या टेबलावर बिजागरी तुटली तेव्हा दुसरी गाडी गेटवर होती. तू पळत माझ्याकडे आलीस, पांढरीफटक. बोलता येईना तुला. मी गेटला फोन केला. साहेब माझ्यावर ओरडले, मग तू मध्ये पडलीस, म्हणालीस सही माझी आहे, मी देणार नाही. आणि मग आपण दोघी फोन घेऊन बसलो होतो, पहिल्या गाडीतल्या शिड्या परत आणायला. दुकान न् दुकान. त्यातली एक काही मिळाली नाही बघ. कुणीतरी रोख देऊन, बिल न घेता नेलेली. तू रोज पेपर उघडून बघायचीस, कुणी शिडीवरून पडल्याची बातमी आहे का म्हणून."

मावशीने फोन ठेवला. ती न सापडलेली शिडी तिला लख्ख आठवली. इतके दिवस ती कुठे गेली होती, देव जाणे.

"आता काय करणार?" भाचीने विचारलं. पोरगी खरंच काळजीत पडली होती. "मावशी, नीट ऐक. शेवटच्या फेरीआधी सगळ्या फेऱ्यांचे शेरे मालकांकडे जातात. चौघांनी लिहिलं असणार, बाई धाडसी आहे, गाडीसमोर उभी राहिली. आता तू जाऊन सांगितलंस की पहिली गाडी माझ्याच सहीने गेली, तर त्यांना काय वाटेल? प्रसंगच बदल. दुसरा एखादा सांग."

"दुसरा कुठला?"

"कुठलाही! खोटा नको, पण साधा."

मावशीने उठून भाचीचा लॅपटॉप मिटून ठेवला.

कंपनीची इमारत बैठी आणि लांबलचक होती. रिसेप्शनच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत तीन मूल्यं लिहिलेली. आधी माणूस. खरं बोला. पडू देऊ नका. मावशीला तिसरं फार आवडलं. दुसऱ्याकडे तिने जरा कमी बघितलं.

मालकांची खोली चाचणी विभागाला लागूनच होती. मधल्या काचेपलीकडे एक यंत्र बाथरूमच्या खुर्चीवर वजन आदळत होतं, उचलत होतं, पुन्हा आदळत होतं. धप्प. थोडं थांबून पुन्हा धप्प. दिवसभर चालतं ते, जोवर खुर्ची मोडत नाही किंवा ठरलेला आकडा होत नाही तोवर. दुसरा कुणी त्या आवाजाने वैतागला असता. मावशीला मात्र माहेरी आल्यासारखं वाटलं.

मालक भाषणांतल्यापेक्षा थकलेले दिसत होते. चष्मा कपाळावर ढकललेला. त्यांनी स्वतः उठून खुर्ची पुढे केली. प्रश्न भाचीने सांगितलेलेच आले, जवळजवळ त्याच क्रमाने. आमच्याकडेच का? मावशीने सांगितलं की शिडी घेणारा माणूस धट्टाकट्टा असतो, पडला तर उठतो, पण तुमची खुर्ची घेणारा उठेलच असं नाही, म्हणून इथे तपासणाऱ्याची जास्त गरज आहे. पाच वर्षांनी विभाग कसा हवा? ती म्हणाली, असा की तक्रार गिऱ्हाइकाकडून यायच्या आधी आपल्याला कळलेली असेल. मालकांनी मान हलवली. पेन उचललं नाही, पण ऐकत होते.

"आता तो गाडीचा प्रसंग सांगा," ते म्हणाले. "चौघांनीही त्याबद्दल लिहिलंय. मला तुमच्या तोंडून ऐकायचाय."

धप्प, असं पलीकडचं यंत्र म्हणालं.

"सांगते," मावशी म्हणाली. "पण चौघांनी लिहिलाय तसा तो झाला नव्हता."

आणि तिने सगळं सांगितलं. नटवलं नाही, लपवलंही नाही. सकाळचं सॅम्पल, मध्येच बदललेला लॉट, आपली सही, गेलेली पहिली गाडी. गेटला फोन मैत्रिणीने केला. आपण फक्त सही देणार नाही म्हणालो, तेही पाय लटपटत असताना. आणि मग दुकानादुकानांत फोन. "गाडीसमोर मी कधीच उभी राहिले नाही. ते मी सांगता सांगता वाढवलं. मुद्दाम नाही, पण वाढवलं. परवा मैत्रिणीला फोन करून विचारलं तेव्हा कळलं."

मालकांनी चष्मा खाली डोळ्यांवर घेतला. "न सांगता चाललं असतं. मला काही कळलं नसतं."

"हो, चाललं असतं."

"मग?"

याचं उत्तर तिने तयार केलं नव्हतं. "उद्या इथे सही मी करणार, आणि तुम्ही ती वाचणार. या खुर्चीने इतकं वजन झेललं असं मी लिहिलं, तर ते तेवढंच असायला हवं ना? गोष्टीतलं वजन मी वाढवत नेलं, तर त्या कागदावर तुम्ही कशाला विश्वास ठेवाल?"

"त्या शिड्या सगळ्या परत आल्या?" मालकांनी विचारलं.

"एक नाही आली."

"त्याचं काय केलंत?"

"काही करता आलं नाही. सॅम्पल घ्यायची पद्धत बदलली. दिवसाच्या सुरुवातीला न घेता, सुट्या भागांचा लॉट बदलला की दर वेळी घ्यायचं ठरवलं. पण ती शिडी काही सापडली नाही. कुठेतरी असेल अजून."

मालकांनी पहिल्यांदा पेन उचललं आणि काहीतरी टिपलं. काय टिपलं ते मावशीला दिसलं नाही. तिने मान उंचावून बघितलं होतं, ते सोडा.

"तुम्हाला काही विचारायचंय?"

येत्या तीन वर्षांत कंपनी कुठे पोचलेली बघायला आवडेल. वाक्य जिभेवर तयार होतं. भाचीचे जोडलेले हात डोळ्यांसमोर होते. नवऱ्याची स्टुलं होती. दोन कंपन्यांचे दोन निरोप होते. आणि मावशीच्या तोंडून निघालं, "तुमच्या इथे कुणाची आई पडली?"

मालकांचा चेहरा एकदम बंद झाला. "म्हणजे?"

आता बाण सुटलाच होता. मावशीने सांगितलं, मी तुमची सगळी भाषणं ऐकली. जुन्यात त्या बाईंची आई पडते, नव्यात तुमची. "मला दोष काढायचा नाही हो. माझी गोष्ट अशीच सरकली, ते आत्ताच सांगितलं. म्हणून विचारते. तुमची कुठे सरकली ते तुम्हाला ठाऊक आहे का, एवढंच कळलं तर बरं होईल."

"मुलाखत कुणाची चाललीय?" मालक म्हणाले. आवाज चढला नाही, पण गार झाला.

"माझी," मावशी म्हणाली. "पण भिंतीवरचं दुसरं वाक्य दोघांसाठी असेल असं वाटलं."

पलीकडे यंत्र आदळत राहिलं. मालक काचेतून तिकडे बघत बसले. मावशीला वाटलं, आता उठायला सांगतील.

"माझी आई कधीच पडलेली नाही," ते अखेर म्हणाले. "ठणठणीत आहे. रोज फिरायला जाते. पण हल्ली कार्यक्रमांत लोक तिला विचारतात, आता कंबर कशी आहे? पहिल्यांदा तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, बरी आहे. आता तर स्वतःहून सांगते, फार दुखायचं हो. जिना उतरताना कठडा धरायला लागलीय." ते हसायला लागले, मावशीही हसली, आणि मग ते एकदम हसायचे थांबले.

दारावर टकटक झाली. पुढची मीटिंग. मालक उठले, मावशीला नमस्कार केला आणि आणखी एक शब्द न बोलता निघून गेले.

घरी मावशीने सगळं सांगितलं तेव्हा भाचीने कपाळावर हात मारून घेतला. "विचारलंस! शेवटी विचारलंसच!"

"मेली जीभच अशी माझी," मावशी म्हणाली. तिला रडू येत होतं, आणि आलंही. नोकरी हवी होती हो तिला. माणसाला कामाची सवय असते, नुसत्या पगाराची नाही. नवरा तिच्याजवळ एक स्टूल सरकवून बसला. स्टूल डुगडुगलं, पण आज तिने ते बघितलं नाही.

एक दिवस गेला, मग दुसरा गेला, मग मावशीने मोजणं सोडलं. आणि एका दुपारी एचआरच्या मुलीचा फोन आला.

"तुमची निवड झालीय," ती म्हणाली. "ऑफरचं पत्र आज पाठवते. पण सरांनी एक विचित्र सांगितलंय. म्हणाले, त्यांच्याकडून लगेच होकार घेऊ नका. आम्ही उमेदवाराच्या जुन्या लोकांना फोन करून विचारतो ना, कसं माणूस आहे? तसा त्यांनीही माझ्या जुन्या माणसाला एक फोन करावा, मग ठरवावं. एक नंबर दिलाय. कुणाचा ते सांगितलं नाही, म्हणाले, त्यांना कळेल. मी इथे इतकी वर्षं आहे, असं कधी बघितलं नाही हो."

मावशीला कळलं. तिने लगेच नंबर फिरवला. उद्यावर टाकलं असतं तर ती उत्सुकतेनेच मेली असती.

फोन एका बाईने उचलला. खरखरीत भाषणातलाच आवाज, जरा जाड झालेला. मावशीने आपण कोण, कशासाठी फोन केला, नंबर कुणी दिला, सगळं सांगितलं.

"त्याने दिला? स्वतःहून?"

"हो."

"इतक्या वर्षांत..." बाईने वाक्य अर्धंच सोडलं. "त्याला नेमकं काय विचारलंत तुम्ही?"

"विचारलं, आई कुणाची पडली."

बाई हसायला लागली. हसू थांबेना, आणि शेवटी शेवटी ते हसू आहे की दुसरं काही ते मावशीला कळेना. "माणूस वाईट नाही तो," ती म्हणाली. "मेहनती आहे. भांडलो आम्ही, ते वेगळं. पण ती गोष्ट माझी होती, आणि ती गेल्याचं मला कंपनी गेल्यापेक्षा जास्त लागलं. इतकंच सांगेन. बाकी ज्यांची गोष्ट आहे त्यांनाच विचारा ना. इथेच बसलीय. आई, तुझ्यासाठी फोन आहे. त्या खुर्चीच्या कंपनीतून."

फोनवर खुडबुड झाली. मग एक म्हातारा, खणखणीत आवाज आला. "कोण बोलतंय?"

"आजी, मी... मी त्या कंपनीत कामाला लागणार आहे. बहुतेक. तुम्ही बाथरूममध्ये पडला होतात ना?"

"मीच पडले! दुसरं कोण पडणार?" म्हातारी म्हणाली. "नळाशी पाय घसरला, तिथेच आपटले. लेकीने आणि त्या पोराने मिळून खुर्ची करून दिली. अजून तीच वापरते मी. पण बाई, बरं झालं तुम्ही फोन केलात. मी केव्हापासून म्हणतेय, कुणाला सांगू कळत नव्हतं. तिचा मागचा एक पाय सरकतो हो. साबणाचं पाणी असलं की हमखास. लेक म्हणते, आई, आता आपला संबंध नाही तिथे. पण खुर्चीला काय माहीत, संबंध आहे की नाही?"

मावशीने इकडेतिकडे बघितलं. नवरा दारात उभा होता. तिने हातानेच खूण केली, कागद, पेन. त्याने धावत जाऊन आणून दिलं.

"आजी," मावशी म्हणाली, "मागचा कुठला पाय? डावा की उजवा? आणि आज बसू नका हं त्या खुर्चीवर. मी येते बघायला."